18 टक्के वाढ, पण कशामुळे?

तिमाही विक्री अहवालात बहुधा पहिल्याच पानावर असे एक वाक्य असते: ‘किरकोळ दुकानदारांसाठी 1 जुलैपासून सुरू केलेल्या नव्या योजनेमुळे या तिमाहीत विक्री 18 टक्क्यांनी वाढली.’ वाक्य छोटे आहे, पण त्यात दोन वेगवेगळी विधाने आहेत. विक्री 18 टक्क्यांनी वाढली, हे एक. ती योजनेमुळे वाढली, हे दुसरे. पहिल्याला आकड्याचा आधार असतो, आणि त्या आकड्याच्या जोरावर दुसरेही खपून जाते. अहवाल तपासायला बसलेल्या माणसाचे बरेचसे काम या ‘मुळे’पाशी असते.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते, ते एका उदाहरणातून पाहू. नाशिकजवळची एक फरसाण बनवणारी कंपनी घेऊ. कंपनी कल्पित आहे आणि तिचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेले आहेत. सणांच्या तारखा आणि कराचे दर मात्र खरे आहेत. तिमाही आहे जुलै ते सप्टेंबर 2025. गेल्या वर्षी याच तीन महिन्यांत विक्री 10 कोटी रुपये होती, यंदा 11 कोटी 80 लाख. वाढ 1 कोटी 80 लाखांची, म्हणजे 18 टक्के. बेरीज-वजाबाकी बिनचूक आहे.

कारणांकडे वळण्याआधी एक गोष्ट पाहून घ्यावी लागते: हे रुपये कर धरून आहेत की कर वगळून? एरवी हा प्रश्न औपचारिक वाटला असता, पण या तिमाहीत तो टाळता येत नाही. वेष्टनात, छापील नावाने विकल्या जाणाऱ्या फरसाणावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. कोणी बिलांच्या एकूण रकमा जोडून अहवाल केला असेल, तर शेवटचे नऊ दिवस गेल्या वर्षीच्या नऊ दिवसांशी ताडताच येणार नाहीत. आपल्या कंपनीने कर वगळून आकडे दिले आहेत, असे धरू आणि पुढे जाऊ.

आता पहिली फोड. रुपये दोन वाटांनी वाढतात: माल जास्त गेला म्हणून, किंवा तोच माल महाग विकला म्हणून. अहवालात फक्त रुपये असतील, तर तपासणाऱ्याने हिशेब विभागाकडून वजनाचे आकडे मागवावेत. गेल्या वर्षी 500 टन माल गेला होता, किलोमागे सरासरी 200 रुपये मिळाले होते. यंदा 540 टन गेला आणि सरासरी साडेअठरा रुपयांनी वाढून 218 रुपये 50 पैसे झाली. जादा गेलेले 40 टन जुन्या भावाने मोजले तर 80 लाख होतात. उरलेला 1 कोटी रुपया भावातून आला आहे.

भाव का वाढला, याचा माग काढणे अवघड नाही. 14 सप्टेंबर 2024 पासून केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे एकूण आयात शुल्क 5.5 टक्क्यांवरून 27.5 टक्के केले. तळणाचा धंदा करणाऱ्यांना त्याची झळ लगेच बसली. आपल्या कंपनीने जानेवारी 2025 मध्ये दरपत्रक 8 टक्क्यांनी वाढवले. 200 रुपयांवर 8 टक्के म्हणजे 16 रुपये. 540 टनांवर त्याचे 86 लाखांच्या थोडे वर होतात. राहिलेले साडेतेरा लाख महागड्या मालाचा वाटा वाढल्याचे आहेत. साध्या शेवेऐवजी सुक्यामेव्याचा चिवडा थोडा जास्त खपला की विक्रीच्या एका किलोची सरासरी किंमत वर सरकते, दरपत्रकाला हात न लावताही.

एवढ्या फोडीने अहवालातल्या वाक्याचा निम्म्याहून जास्त भाग गळून पडला. दुकानदारांची योजना काय होती? घेतलेल्या मालावर गुण आणि साठलेल्या गुणांवर भेटवस्तू. अशा योजनेने जानेवारीतली दरवाढ होत नाही. योजनेच्या खात्यावर फार तर 80 लाख टाकता येतील, आणि 18 टक्क्यांऐवजी 8 टक्क्यांबद्दल बोलता येईल. तेही पूर्णपणे नाही.

कारण पुढचा प्रश्न आहे, हे 40 टन तिमाहीत नेमके कधी गेले. योजना 1 जुलैला सुरू झाली, तर तिची छाया जुलैत किंवा निदान ऑगस्टमध्ये दिसायला हवी. महिन्यांची फोड अशी आहे: जुलैत 150 टनांचे 151 झाले, ऑगस्टमध्ये 155 चे 157, आणि सप्टेंबरमध्ये 195 चे 232. चाळीसपैकी सदतीस टन एकट्या सप्टेंबरचे. सप्टेंबरचेही दोन तुकडे केले, तर 21 तारखेपर्यंत माल उलट कमी गेला आहे, 125 टनांऐवजी 108. आणि 22 ते 30 या नऊ दिवसांत 70 टनांऐवजी 124.

दोन महिने 21 दिवस जवळपास निपचित पडलेली योजना शेवटच्या नऊ दिवसांत एकदम जागी होते, हे पटण्यासारखे नाही. त्या नऊ दिवसांत आणखी काहीतरी घडले असले पाहिजे. दोन गोष्टी घडल्याच होत्या. एक म्हणजे कर. 15 ऑगस्टच्या भाषणात पंतप्रधानांनी जीएसटीतल्या बदलांचे सूतोवाच केले, 3 सप्टेंबरला जीएसटी परिषदेने दर ठरवले आणि 22 सप्टेंबरला ते लागू झाले. कर उतरणार हे कळल्यावर कोणता वितरक आधी माल भरेल? जुन्या किमतीची पाकिटे अंगावर पडू नयेत म्हणून त्याने हात आखडता घेतला आणि 22 तारखेनंतर रिकामी झालेली फडताळे भरली. ती खरेदी फक्त पुढे सरकली.

दुसरी गोष्ट पंचांगाची. सणासुदीच्या धंद्यात मागच्या वर्षीची तीच तारीख ही बऱ्याचदा चुकीची जोड असते. 2024 मध्ये गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला होती, 2025 मध्ये 27 ऑगस्टला. लक्ष्मीपूजन 2024 मध्ये 1 नोव्हेंबरला होते, 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला. म्हणजे यंदा सगळे सण अकरा दिवस अलीकडे आले. दिवाळीसाठी वितरक तीन-चार आठवडे आधी माल उचलतात. गेल्या वर्षी ही उचल बरीचशी ऑक्टोबरमध्ये, म्हणजे पुढच्या तिमाहीत झाली होती. यंदा तिचा काही भाग सप्टेंबरात आला.

म्हणून तारखेला तारीख न लावता सणाला सण लावून पाहायचे. 22 ते 30 सप्टेंबर 2025 हे घटस्थापनेपासूनचे नऊ दिवस आहेत, लक्ष्मीपूजनाला 29 दिवस उरले असताना सुरू होणारे. गेल्या वर्षी घटस्थापना 3 ऑक्टोबरला होती आणि तिथूनही लक्ष्मीपूजन 29 दिवसांवरच होते. तेव्हा या नऊ दिवसांची खरी जोड 3 ते 11 ऑक्टोबर 2024. त्या दिवसांत आपल्या कंपनीने 111 टन माल पाठवला होता. 70 ऐवजी 111 समोर ठेवताच वाढ 54 टनांवरून 13 टनांवर येते.

आता मागचा भागही तसाच पाहायला हवा. फक्त 1 ते 21 सप्टेंबर पाहिले तर घट 17 टनांची दिसते, पण गेल्या वर्षी त्या दिवसांत संपूर्ण गणेशोत्सव होता आणि यंदा तो निम्मा ऑगस्टमध्ये गेला. ऑगस्ट आणि सप्टेंबरचे 21 दिवस एकत्र धरले तर दोन्ही वर्षांचे गणपती त्यात पूर्ण येतात. गेल्या वर्षी 280 टन, यंदा 265. पंधरा टनांची घट. तिच्यामागे कराची वाट पाहणे असावे, असे म्हणायला जागा आहे. पंधरा टन अडले, नंतर तेरा टन जास्त गेले, जुलैत एक टनाची भर. जुळणाऱ्या दिवसांना जुळणारे दिवस लावले की मालाची वाढ जवळपास शून्य होते.

इथे मोह होतो तो उलट्या बाजूला घसरण्याचा, आणि माझ्या मते तपासणारे सर्वांत जास्त इथेच चुकतात. ‘म्हणजे योजना फसली’ असे समासात लिहून ते मोकळे होतात. या निष्कर्षालाही आकड्यांचा आधार नाही. भाव 8 टक्क्यांनी वाढवल्यावर माल कमी जाणे स्वाभाविक असते. योजना नसती तर कदाचित तो 30 टनांनी घसरला असता आणि योजनेनेच तो सावरून धरला असेल. किंवा योजनेने काहीच झाले नसेल. या अहवालातले आकडे दोन्हींपैकी काहीच सांगत नाहीत. ते कळण्यासाठी योजना जिथे राबवली नाही, असा भाग हवा: तेच फरसाण, तोच भाव, तेच सण, फक्त योजना नाही. असा एखादा जिल्हा सुटलेला असेल तर त्याचे आकडे मागवावेत. योजना सगळीकडे एकाच दिवशी सुरू केली असेल, तर तिचा परिणाम या तिमाहीपुरता मोजता येत नाही, आणि अहवालात तसे लिहावे.

एवढे झाले निष्कर्षांचे. अहवालाच्या दुसऱ्या पानावर विभागवार तक्ता असतो आणि तिथे प्रश्न निराळा असतो. तिथे आकड्यांमध्ये फरक असतात आणि त्यांना कारण दिलेले नसते, किंवा दिलेले कारण तपासलेले नसते.

आपल्या कंपनीचे चार विभाग. नाशिक विभागाची विक्री 3 कोटी 20 लाखांवरून 4 कोटी 60 लाखांवर गेली. पुण्याची 3 कोटी 10 लाखांवरून 4 कोटी 8 लाखांवर. मुंबई 2 कोटी 50 लाखांवरून 2 कोटी 52 लाखांवर. जळगाव-धुळे 1 कोटी 20 लाखांवरून 60 लाखांवर, म्हणजे थेट निम्म्यावर. अहवालात नाशिकच्या विक्री पथकाचे अभिनंदन आहे आणि जळगाव-धुळ्याच्या घसरणीपुढे तीन शब्द आहेत: ‘जोरदार पावसाचा परिणाम.’

पाऊस हे कारण खोटे असेलच असे नाही, पण ते खरे असेल तर आकड्यांत त्याच्या खुणा दिसायला हव्यात. पाऊस एका वितरकावर पडत नाही. विभागातल्या सगळ्यांचीच विक्री कमीअधिक खाली यायला हवी, आणि ती मुसळधार पावसाच्या आठवड्यांत यायला हवी. म्हणून वितरकवार यादी मागवायची. यादीत दिसते ते असे: एक सोडून सगळे वितरक गेल्या वर्षीच्या जागेवर किंवा थोडे वर आहेत. त्या एकाने गेल्या वर्षी 65 लाखांचा माल घेतला होता आणि यंदा त्याच्या नावापुढे शून्य आहे. जुलैच्या पहिल्या तारखेपासून शून्य. मोठा वितरक पावसाने असा एका दिवशी थांबत नाही. त्याचे नाव दुसऱ्या विभागांच्या याद्यांत शोधल्यावर ते नाशिकच्या यादीत सापडते, 70 लाखांच्या खरेदीसह. त्याच्या मालाची गाडी आता नाशिकच्या डेपोतून जाते, म्हणून संगणकात त्याचा विभाग बदलला. गेल्या वर्षीचे आकडे मात्र जुन्याच विभागात राहिले.

ते 65 लाख गेल्या वर्षीच्या नाशिकमध्ये हलवले की चित्र पालटते. जळगाव-धुळे 55 लाखांवरून 60 लाखांवर, म्हणजे 9 टक्के वाढ. पाऊस गेला, घसरणही गेली. नाशिक 3 कोटी 85 लाखांवरून 4 कोटी 60 लाखांवर, म्हणजे 44 टक्क्यांची झेप साडेएकोणीस टक्क्यांवर आली. कंपनीची एकूण बेरीज एका पैशानेही बदलली नाही, म्हणून ही गोष्ट एकूण आकड्यात कधीच सापडली नसती. विभाग, उत्पादन किंवा विक्री प्रतिनिधी यांची फेररचना झाली का, हा प्रश्न प्रत्येक तिमाहीला विचारावा. एका जागी मोठी घट आणि शेजारी तेवढ्याच रकमेची वाढ, ही त्याची ओळख.

मुंबईकडे अहवालाने पाहिलेलेच नाही. बहुतेक कंपन्यांत नियम असतो की पाच किंवा दहा टक्क्यांपेक्षा मोठ्या फरकालाच स्पष्टीकरण द्यायचे. मुंबईचा फरक एक टक्काही नाही, त्यामुळे ती ओळ सुटली. पण दरपत्रक 8 टक्क्यांनी वाढलेले असताना रुपये जागच्या जागी राहिले, याचा अर्थ माल सुमारे 7 टक्क्यांनी कमी गेला. किंवा मुंबईत कोणी तरी जास्त सूट देत आहे. दोन्ही गोष्टी मालकाला कळायला हव्यात. फरक गेल्या वर्षाच्या आकड्याशी मोजण्याऐवजी अपेक्षित आकड्याशी मोजला, म्हणजे 2 कोटी 70 लाखांशी, तर मुंबईत 18 लाखांचा खड्डा दिसतो आणि ती ओळ पाच टक्क्यांच्या नियमाच्या जाळ्यात आपोआप अडकते. या अहवालात मी सर्वांत आधी मुंबईच्या प्रमुखांना फोन केला असता.

राहिला शेवटच्या नऊ दिवसांचा प्रश्न, कारण तिथे आणखी एक शक्यता उरते. कंपनीची विक्री म्हणजे वितरकाला फाडलेले बिल. धंद्यात याला प्रायमरी सेल म्हणतात. वितरकाकडून दुकानदाराकडे जातो तो सेकंडरी सेल. तिमाहीचे टार्गेट गाठायला सप्टेंबरअखेरीस वितरकाच्या गोदामात माल ढकलला, तर प्रायमरी फुगते आणि सेकंडरी तिथेच राहते. बाहेरून पाहता ही ढकललेली विक्री आणि कर उतरल्यानंतरची खरी उचल सारखीच दिसते: महिन्याच्या अखेरीस उंच सुळका.

या प्रकाराचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतल्या सनबीम कंपनीचे आहे. घरगुती उपकरणे बनवणाऱ्या या कंपनीने 1997 मध्ये, आल्बर्ट डनलॅप प्रमुख असताना, बागेत अन्न भाजायच्या ग्रिल शेगड्या ऐन थंडीत दुकानदारांना ‘विकल्या’. सवलत दिली, पैसे नंतर द्या म्हटले, आणि माल गोदामातच ठेवून बिले केली. विक्रमी नफा जाहीर झाला. पुढच्याच वर्षी, जून 1998 मध्ये, डनलॅपला काढून टाकण्यात आले. 2001 मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामक आयोगाने म्हटले की 1997 साली दाखवलेल्या 18.9 कोटी डॉलरच्या नफ्यातले किमान 6 कोटी हिशेबातल्या लबाडीचे होते. उन्हाळी माल हिवाळ्यात जोरात खपतो, ही विसंगती विक्रीच्या आकड्यांतच होती.

आपल्या फरसाणवाल्यांवर असा आरोप करायचे काही कारण नाही. पण दोन शक्यता वेगळ्या करता येतात, आणि त्यासाठी तीन कागद पुरतात. पहिला, वितरकांकडचा 30 सप्टेंबरचा शिल्लक माल, किती दिवस पुरेल या हिशेबाने. दिवाळीआधी तो 20 ते 25 दिवसांचा असणे समजण्यासारखे आहे. एखाद्याकडे 60 दिवसांचा असेल तर त्याला दिवाळीनंतरचाही माल आताच देऊन ठेवला आहे. दुसरा कागद येणे रकमेचा. गेल्या वर्षी सप्टेंबरअखेर 2 कोटी 20 लाख येणे होते, म्हणजे तिमाहीच्या विक्रीच्या मानाने 20 दिवसांचे. यंदा 4 कोटी, म्हणजे 31 दिवसांचे. हा आकडा एकट्याने काही सिद्ध करत नाही, कारण शेवटच्या आठवड्यात बिले जास्त झाली तर उधारी चढणारच. पाहायचे ते हे, की त्या नऊ दिवसांच्या बिलांना नेहमीचीच मुदत दिली आहे का. एरवी 21 दिवस देणाऱ्या कंपनीने त्याच बिलांवर 60 दिवस दिले असतील, तर माल मागणीने गेला नाही, मुदतीच्या आमिषाने गेला. तिसरा कागद तिमाही संपल्यानंतरचा आहे: ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परत आलेला माल आणि दिलेल्या क्रेडिट नोटा. फरसाण काही महिन्यांत खवट होते, त्यामुळे ढकललेला माल फार काळ लपून राहत नाही.

तपासणारा हे सगळे करून अहवाल परत पाठवतो, तेव्हा पहिल्या पानावरचे वाक्य साधारण असे लिहिले जायला हवे: ‘विक्री 18 टक्क्यांनी वाढली. त्यातला 1 कोटीचा भाग जानेवारीतल्या दरवाढीचा आणि महाग मालाचा वाटा वाढल्याचा आहे, 80 लाखांचा भाग 40 टन जास्त गेलेल्या मालाचा. हे 40 टन मुख्यतः 22 सप्टेंबरनंतर गेले. सण आणि करकपात यांचा हिशेब धरल्यास मालात खरी वाढ दिसत नाही. योजनेचा परिणाम या तिमाहीच्या आकड्यांतून वेगळा काढता आलेला नाही. मुंबईत माल सुमारे 7 टक्क्यांनी घटला असावा. कारण शोधत आहोत.’

विक्री प्रमुखाला हे वाक्य आवडणार नाही. तो म्हणेल, ‘साहेब, माल तर गेलाय ना?’ त्याचे म्हणणे बरोबर आहे, माल गेला आहे, आणि म्हणूनच पहिले विधान जसेच्या तसे ठेवले आहे. योजनेवर पुढच्या वर्षी किती पैसे घालायचे, हा निर्णय मात्र त्या ‘मुळे’वर उभा राहणार होता. त्यासाठी दिवाळी उलटल्यावर 1 ऑगस्ट ते लक्ष्मीपूजन असे सलग दिवस दोन्ही वर्षांचे मांडावेत. यंदाच्या दिवसांची संख्या अकराने कमी भरेल, तेव्हा गेल्या वर्षीची सुरुवात 12 ऑगस्टपासून धरावी. गणपती, नवरात्र, दिवाळी सगळे त्यात येते, कर उतरण्याआधी अडलेली आणि नंतर सुटलेली खरेदीही येते. त्या मांडणीत प्रायमरीबरोबर सेकंडरीही वाढलेली दिसली, तर योजनेबद्दल बोलायला पहिल्यांदाच काही हाताशी येईल.